शंभर किलोमीटर म्हणजे सातशे मिनिटं नव्हेत

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण एकवीस किंवा बेचाळीस पळालेले आहेत, तेव्हा पेस म्हणजे काय ते सांगत बसत नाही. मी पहिल्यांदा शंभर पळायचं ठरवलं तेव्हा हिशेब केला तो असा: माझा निवांत पेस किलोमीटरला ७ मिनिटं, म्हणजे एकूण ७०० मिनिटं, ११ तास ४०. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे साधारण २५ किलोमीटर, दोनदा जाऊन आलं की शंभर भरतात. जानेवारी महिना, पहाटे ४ला सुरुवात, म्हणजे दुपारी पावणेचारला घरी! उजाडल्यावर डोक्यावरचा टॉर्च मी भाच्याकडे दिला. तो मोटारसायकलवर पाणी-खाणं पुरवत होता, त्याने टॉर्च घरी ठेवून टाकला. संध्याकाळी काळोखात मोबाईलच्या उजेडात शेवटचे चार किलोमीटर काढताना मी चिडलो, तर म्हणतो कसा, "मामा, तूच म्हणालास ना, चारच्या आत परत म्हणून!"

बरोबर होतं त्याचं. चूक माझ्या गुणाकाराची होती.

आता तोच दिवस नीट मांडू. पहिले १० किलोमीटर ७ मिनिटांच्या पेसने. त्यानंतर दर दहा किलोमीटरला पेस २० सेकंदांनी उतरतो असं धरा. दुसरा टप्पा ७:२०, तिसरा ७:४०, असं करत दहावा बरोबर १०:००. दहा आकडे बेरजेला घ्यायची गरज नाही. उतरण सारखी आहे, म्हणून पहिला आणि शेवटचा मिळवून निम्मे करा: सरासरी ८:३०. गुणिले शंभर, ८५० मिनिटं, म्हणजे १४ तास १० मिनिटं. हा झाला फक्त पाय चालू असण्याचा वेळ.

थांबे वेगळे धरायचे. दर दहा किलोमीटरला एक एड स्टेशन, म्हणजे वाटेत नऊ. आठ ठिकाणी ४ मिनिटं: बाटली भरा, कोकम सरबत, केळं, निघा. पन्नासला १५ मिनिटं, कारण तिथे मोजे बदलायचे असतात आणि मिठाची पेज प्यायची असते. झाली ४७ मिनिटं. एकूण १४ तास ५७. पहाटे चारला निघालेला माणूस सातला तीन मिनिटं कमी असताना पोचतो, तेव्हा सूर्य बुडून अर्धा तास उलटलेला असतो. टॉर्च कुठे हवा, हे कागदावरच दिसतं.

याच मांडणीत पन्नासाव्या किलोमीटरला तुम्ही ६ तास ३९ मिनिटांनी पोचता. तिथे हमखास मोह होतो: दुप्पट केलं, तेरा तास वीस! पण अजून ती १५ मिनिटं बसायचंय, आणि पुढच्या पन्नासाला नुसतं पळायलाच पहिल्या पन्नासापेक्षा ८३ मिनिटं जास्त लागणार आहेत.

आता मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट. सुरुवातीचा पेस किलोमीटरला ५ सेकंदांनी वाढवलात, तर शंभर किलोमीटरमध्ये कमाई ८ मिनिटं २० सेकंद. उतरण मात्र २० सेकंदांऐवजी २२ झाली, तर जातात १५ मिनिटं. ३० झाली, तर सव्वा तास. म्हणजे पहाटेच्या गारव्यात जोर लावून मिळवलेलं सगळं, उतरण दोन सेकंदांनी वाढली तरी व्याजासकट परत जातं. आमच्याकडे हवा दमट, घाम वाळत नाही, तो नुसता टपकतो आणि अंग थंड होत नाही. अकरानंतर उतरण वाढते ती त्यामुळे.

स्वतःची उतरण काढायची तर पन्नासाची एक मोठी रन करा आणि घड्याळातल्या नोंदीतून दर दहाचा पेस लिहून काढा. थांबल्याचा वेळ वगळून, हे विसरू नका. एकूण वेळेवरून पेस काढलात तर थांबे उतरणीत मिसळतात आणि नंतर तेच पुन्हा बेरजेत येतात. आमच्या रस्त्यावर आणखी एक खोच आहे: खाडी ओलांडली की चढ, मग उतार. त्यामुळे एकच दहाचा टप्पा वाईट गेला म्हणून घाबरू नका. त्याच तुकड्याची पुढच्या फेरीतल्या त्याच तुकड्याशी तुलना करा.

ही सरळ रेष पोट ठीक असेपर्यंतच टिकते. मळमळ सुरू झाली की माणूस चालायला लागतो, आणि भरभर चाललं तरी किलोमीटरला ११-१२ मिनिटं जातात. लागोपाठ दोन टप्प्यांत पेस ४० सेकंदांपेक्षा जास्त उतरला, तर जुना कागद खिशात ठेवा आणि उरलेलं अंतर चालण्याच्या पेसने मोजा. ७० किलोमीटरला असं झालं, तर ३० गुणिले १२, सहा तास, वर थांबे. आणि ते थांबेही चारचे राहत नाहीत. माझा ऐंशीचा थांबा १९ मिनिटांचा झाला होता, कारण भाच्याने कौतुकाने घरून खुर्ची आणली होती. पुढच्या वर्षी खुर्ची आणायची नाही, असं त्याला बजावलं. टॉर्च मात्र त्याने आपणहून दोन आणले.