मांजर घरात, सून गरोदर

नमस्कार श्रोतेहो. समजा, जालना जिल्ह्यातल्या एका वाडीवर सुनेला तिसरा महिना लागलाय आणि घरात तीन वर्षांची मनी आहे. सासूबाई म्हणतात, "त्या मांजरीला आधी दूर सोडून या. पोटातल्या लेकराला बाधतं." भीती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची आहे आणि ती निराधार नाही. पण इथं दोष चुकीच्या ठिकाणी लावला जातोय.

हा जंतू मांजराच्या अंगावर किंवा श्वासात नसतो, विष्ठेत असतो. तोही कायम नाही. उंदीर, पाखरं किंवा कच्चं मांस खाऊन मांजराला पहिल्यांदा लागण झाली, की साधारण एक ते तीन आठवडे त्याचे सूक्ष्म कण विष्ठेतून पडतात. पुढं सहसा पडत नाहीत. शिवाय ताज्या विष्ठेतला कण लगेच बाधत नाही, त्याला पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज उचलली तर धोका बहुतेक टळतो. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. सुनेलाच करावं लागलं तर हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणानं चोळून धुवावेत.

खरी अडचण अंगणात असते. आपल्याकडची मांजरं बांधकामाच्या वाळूत, राखेच्या ढिगात, नाहीतर परसातल्या भाजीच्या वाफ्यात उकरून घाण पुरतात, आणि ती कुणाला दिसत नाही. मराठवाड्याच्या कडक उन्हात उघड्यावरचे कण वाळून मरतात. पण न्हाणीचं सांडपाणी सोडलेल्या, सावलीतल्या ओल्या वाफ्यात ते वर्षभरही टिकतात. तिथली मेथी, कोथिंबीर उपटताना माती नखांत जाते आणि त्याच हातानं भाकरी मोडली जाते. वाळूचा ढीग रात्री ताडपत्रीनं झाका. वाफ्यातलं काम सुनेनं टाळावं.

शिजवलेल्या भाजीची काळजी नको. कोथिंबीर, कांद्याची पात, गाजर कच्चं खायचं असेल तर मुळं कापून, पाणी दोन-तीनदा बदलून चोळून धुवा. नुसतं मिठाच्या पाण्यात भिजवून हे कण मरत नाहीत. पाणी टँकरचं असलं तरी इथं काटकसर करू नका. तेच धुतलेलं पाणी झाडांना घाला. मटणाचा प्रत्येक तुकडा आतपर्यंत शिजलेला हवा. कच्चं मटण चिरलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर कांदा चिरू नका.

आता या जंतूसाठी केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट. त्यात आयजीजी आणि आयजीएम ही दोन प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीरानं रक्तात तयार केलेले घटक, पाहतात. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलं, की घरात रडारड सुरू होते. सुरुवातीच्या महिन्यांत त्याचा अर्थ बहुधा उलटा असतो: लागण पूर्वीच होऊन गेली आणि बाळाला सहसा संरक्षण आहे. धोका गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर असतो. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी ते जुन्या लागणीनंतर अनेक महिने तसंच राहू शकतं, म्हणून त्या एका कागदावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. लागण नवी की जुनी, हे कळायला एव्हिडिटी नावाची तपासणी असते. ती सोळा आठवड्यांच्या आत केली तर उत्तर जास्त स्पष्ट मिळतं. डॉक्टरांकडं तिची चौकशी करा. नवी लागण ठरली तर औषधं आहेत, ती डॉक्टर सुरू करतील. आणि मनीला तोवर घरचं शिजलेलंच खायला घाला, शिकारीला बाहेर सोडू नका.