रात्री दीड वाजता फोनवर काय चाललेलं असतं?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, मेलबर्नमध्ये मुलांच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका सभासद मानसोपचारतज्ज्ञांनी केलेलं भाषण, थोड्या संपादनासह.)

नमस्कार मंडळी. समितीने तुमच्याकडून मुलांच्या फोनबद्दल चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले होते. चिठ्ठीवर नाव नको असं सांगितल्यामुळे सगळ्यांनी अगदी मोकळेपणाने लिहिलंय. बहुतेकांचे प्रश्न तीनच आहेत. दिवसाला किती तास चालतील? सोशल मीडियामुळे डिप्रेशन येतं का? आणि डिसेंबरमध्ये कायदा आला, म्हणजे आता आपण सुटलो ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. 10 डिसेंबर 2025 पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. जबाबदारी कंपन्यांची आहे आणि त्यांना 4 कोटी 95 लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना किंवा आईवडिलांना दंड नाही. पण व्हॉट्सॲप या यादीत नाही. खातं नसतानाही यूट्यूबवर व्हिडिओ बघता येतात. वय चुकीचं सांगून आत शिरणारी मुलंही आहेतच. कायद्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. दहा वर्षांच्या मुलाला 'सगळ्यांकडे आहे' हे तुणतुणं वाजवता येत नाही, हेही काही थोडं नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या घरांमधला त्रास बऱ्याचदा कायदा पोचत नाही तिथेच असतो.

आता तासांचं. 2019 साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली. स्क्रीनचा वापर आणि मुलांचं मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध उलटा निघाला, पण इतका बारीक की मुलामुलांतल्या फरकाचा अर्धा टक्काही त्याने समजत नव्हता. बटाटे खाण्याचा संबंधही साधारण तेवढाच निघाला होता. हे वाचून काही बाबालोक खूश होतात, 'बघ, मी सांगत होतो ना!' तर तसं नाही. ही सरासरी आहे. चित्रं काढायचे व्हिडिओ बघण्यात गेलेला तास आणि वर्गातल्या मुली आपली टिंगल करतायत ते वाचण्यात गेलेला तास, दोन्ही त्यात सारखेच मोजले जातात. शिवाय आधीच उदास असलेलं मूल फोनकडे जास्त वळतं, त्यामुळे कशामुळे काय झालं हे तासांवरून ठरवता येत नाही. म्हणून मी पालकांना तास विचारत नाही. मी झोप विचारते.

कारण सांगते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. दहा वर्षांची असताना नऊला डोळे मिटणारी मुलगी चौदाव्या वर्षी साडेदहाला टक्क जागी असते. तो आळस नाही, आगाऊपणाही नाही. शाळा मात्र सकाळी त्याच वेळेला भरते. म्हणजे झोप आधीच काठावर असते, आणि त्या काठावर आपण फोन ठेवतो. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाची चर्चा फार होते, त्यासाठी चष्मे विकले जातात. माझ्या मते प्रकाशाचा वाटा लहान आहे. मुख्य वाटा आहे तो 'उत्तर आलं का?' या धाकधुकीचा.

एक उदाहरण सांगते. दोन-तीन घरांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत आणि तपशील बदललेत, त्यामुळे 'ही अमक्यांचीच' असा अंदाज बांधत बसू नका. (आपल्याकडे तो छंद फार.)

मुलगी नववीत. आईवडील आले ते जानेवारीत. तक्रार अशी की इन्स्टाग्राम कायद्याने बंद झालं, तरी फरक नाही. जरा बोललं की अंगावर येते. गणितात घसरली आहे. नेटबॉल सोडलं. रविवारी बारापर्यंत उठत नाही. आईला खात्री होती की साडेदहाला खोलीतला दिवा बंद होतो.

मी त्यांना दोन आठवडे एक तक्ता भरायला दिला. झोपायला गेलो कधी, खरंच झोप लागली कधी, उठलो कधी, दिवसभर मूड कसा होता. चारच रकाने, आणि तो भरायचा मुलीने, आईने नाही. जोडीला फोनमधलं Screen Time आम्ही तिच्यासोबत बसून, तिच्या हातात फोन ठेवून पाहिलं. तिथे एकूण तासांपेक्षा मला खालचा आलेख हवा असतो, कोणत्या वेळी किती वापर झाला तो. रात्री बारा ते दीडच्या मध्ये काड्या उभ्या दिसल्या की मी समजते. अँड्रॉइडवर हेच Digital Wellbeing मध्ये मिळतं.

हिशोब असा निघाला. शाळेच्या दिवशी झोप लागायची सव्वाएकला, उठायचं सातला. म्हणजे पावणेसहा तास. शनिवार-रविवारी दुपारी बारा. सुट्टीच्या आणि शाळेच्या दिवशी उठण्यात दोन तासांहून जास्त फरक असला, तर आठवडाभर झोपेची उधारी चालू आहे असं धरा. हिचा पाच तासांचा होता.

मग प्रश्न उरला, सव्वाएकपर्यंत करते काय? व्हॉट्सॲपवर आठ मैत्रिणींचा ग्रुप होता. सुट्टीआधी त्यातल्या सात जणींनी दुसरा ग्रुप काढला, एकीला वगळून. ती वगळलेली मुलगी आपली नव्हे. आपली सातांत होती, आणि आठवी वगळली जाण्याचं कारण तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती आठवी एका रात्री लवकर झोपली आणि तिच्या मागे तिचाच विषय निघाला. म्हणून ही जागी राहायची. मजा म्हणून नाही, पहारा म्हणून. आईला वाटत होतं पोरीला फोनचं व्यसन लागलंय.

इथे बहुतेक घरांत फोन जप्त होतो. ते करू नका असं मी का सांगते, ते नीट ऐका. ऑनलाइन कुणी छळत असेल, नको ते फोटो मागत असेल, पैशासाठी धमकावत असेल, तरी मुलं आईवडिलांना सांगत नाहीत, याचं एक मोठं कारण म्हणजे सांगितलं की फोन जाईल ही भीती. खरं सांगितल्याची शिक्षा म्हणून फोन गेला, की पुढच्या वेळी ते खरं तुमच्यापर्यंत येत नाही. आणि जप्तीने काम होतही नाही. कपाटात जुना फोन असतो, शाळेचा लॅपटॉप असतो. गूगल डॉक्सचं एकच पान उघडून चौघीजणी त्यात गप्पा टाइप करताना मी पाहिल्यात. तुम्हाला वाटतं प्रोजेक्ट चाललाय.

आम्ही असं ठरवलं. रात्री दहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळे म्हणजे बाबांचाही. याला मुलीचा विरोध नव्हता, बाबांचा होता. कारण उन्हाळ्यात आपण भारताच्या साडेपाच तास पुढे असतो. पुण्याला संध्याकाळचे पाच वाजले की आपल्याकडे साडेदहा, आणि तिकडे जेवणं उरकून फॅमिली ग्रुप रंगात येतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. अंथरुणात पडून त्यावर बोट फिरवणारे आपण, आणि लेक्चर मुलीला. आजीआजोबांचे फोन सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळेला हलवले. गजर फोनवरच असतो ही सबब संपवायला साधं घड्याळ आणलं. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, मुलीने ग्रुपवर लिहिलं, 'आई वेडी झालीय, दहाला फोन घेते.' आईला आधी वाईट वाटलं. मी म्हटलं, होऊ दे वाईट. तिला स्वतःहून ग्रुप सोडता येत नाही, तुमच्या नावावर सोडता येतो.

पहिला आठवडा वाईट गेला. अंधारात टक्क जागी, चिडचिड दुप्पट. हे होतंच, कारण सव्वाएकची सवय झालेलं शरीर एका रात्रीत साडेदहाला झोपत नाही. झोपेची वेळ तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अशीच मागे आणावी लागते. सुट्टीच्या दिवशीही नऊच्या पुढे झोपू द्यायचं नाही आणि उठल्यावर अंगणात, उजेडात जायचं. सातेक आठवड्यांनी झोप साडेसात-आठ तासांवर आली. अंगावर येणं कमी झालं. गणित आपोआप सावरलं.

नेटबॉल मात्र नाही सावरलं. कारण त्या सात जणी त्याच संघात होत्या. झोपेने मैत्रीतला तिढा सुटत नाही, पण तो तिढा हाताळण्याइतकी ती शुद्धीवर आली. त्या वगळलेल्या मुलीबद्दल तिला किती अपराधी वाटत होतं, हे ती मला तेव्हा कुठे सांगू शकली.

आता दुसरी बाजू. अशी मुलंही येतात ज्यांची झोप सुधारली तरी काहीच बदलत नाही. तिथे फोन हे कारण नव्हतं, लपायची जागा होती. कुमारवयात डिप्रेशन नेहमी रडवेलं दिसत नाही, बऱ्याचदा चिडकं दिसतं. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मूड तसाच, आवडीच्या गोष्टी सुटल्या, जेवण बदललं, मित्र तुटले, तर 'वयच तसं आहे' म्हणून थांबू नका. जानेवारीच्या उकाड्यात मूल पूर्ण बाह्यांचे कपडे सोडत नसेल तर शांतपणे चौकशी करा. आणि मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत, हे अभ्यासांतून दिसलंय. कधी विचारायचं ही शंका असेल, तर गाडीत विचारा. दोघांचीही नजर रस्त्यावर असते, मुलांना बोलायला सोपं जातं.

उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. जिवाला लगेच धोका वाटला तर 000. मुलाला स्वतःला बोलायचं असेल तर किड्स हेल्पलाइन, 1800 55 1800, चोवीस तास आणि फुकट. बारा ते पंचवीस वयासाठी हेडस्पेसची केंद्रं आहेत. एरवी जीपीकडे जा, पण अपॉइंटमेंट घेतानाच लांब वेळेची मागा, पंधरा मिनिटांत हे होत नाही. जीपी मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन करून देतात, त्यावर वर्षाला दहा सत्रांपर्यंत मेडिकेअरची सूट मिळते. डॉक्टर थोडा वेळ मुलाशी एकट्याने बोलायला मागतील. तेव्हा बाहेर बसा. तो काय बोलला हे सगळं तुम्हाला सांगितलं जाणार नाही, जिवाला धोका असेल तेवढं सांगितलं जाईल. आणि 'आपल्या लोकांत कळलं तर?' ही चिंता चार चिठ्ठ्यांवर आहे म्हणून सांगते, जीपी आणि आम्ही सगळे गोपनीयतेने बांधलेले आहोत, मंडळाच्या कार्यक्रमात भेटलो तरी.

झोपेच्या तक्त्याच्या प्रती चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जीपीकडे जाताना दोन आठवड्यांचा भरलेला तक्ता सोबत न्या, त्यांचा निम्मा प्रश्नोत्तरांचा वेळ वाचतो.