पासबुकाच्या जमा बाजूला पेन्सिल लावा

राजेहो, विषय दिलाय ‘एका खात्यातला दुकान-घर हिशोब’. इथल्या बहुतेकांचं बँकेत एकच बचत खातं आहे. चालू खात्यात किमान रक्कम अडकवून ठेवायला कोण तयार होणार? बँक कधी ना कधी ते उघडायला सांगेल, हे धरून चाला. तोवर या एकाच खात्यात दुकान कुठं संपतं आणि घर कुठं सुरू होतं, हे आपल्यालाच दाखवावं लागतं.

दारव्ह्याकडचा एक किराणा दुकानदार माझ्याकडं आला होता. दुकान आणि थोडी पऱ्हाटी, पैसा सगळा एकाच खात्यात. आधी एका ठिकाणी प्राप्तिकराच्या विवरणपत्रासाठी त्यांच्या पासबुकाची जमा बाजू बेरीज करून तीच दुकानाची विक्री धरली होती : १५,९३,४०० रुपये. मला याचा खरंच राग येतो. जमा झालेला प्रत्येक रुपया विक्रीचा असतो, हे कोणी ठरवलं?

मग आम्ही एकेक ओळ धरली. कापसाचे २,३५,००० लगेच ओळखू आले, पीककर्जाचे १,००,००० पण. पीएम किसानचे ६,०००, बँकेचं व्याज २,४००. अडलो ते ६०,००० च्या ओळीवर. तिथं नाव नाही, नुसता लांबलचक आकडा. हे मला बँकांना सांगायचं आहे : छापताना नाव कापता, मग माणसानं वर्षाखेरीस काय वाचायचं? दुकानदार भाऊंनी घरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, “अवो, माह्या भावानं मोटारीसाठी नेले होते नं, ते वापस आले.” मागल्या वर्षीचं पासबुक काढलं, तर नावे बाजूला तेच ६०,००० गेलेले. उसने पैसे परत आल्याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही, म्हणून जुनी पासबुकं फेकू नका. शोधायला मात्र आमची दुपार गेली. त्याच आठवड्यात ओळीपुढं पेन्सिलीनं एक अक्षर लिहिलं असतं, तर ही वेळ आली नसती.

अक्षरं चारच ठेवा : दुकानाला ‘दु’, शेतीला ‘शे’, घरच्या आणि उसन्या-कर्जाच्या रकमेला ‘घ’, व्याजाला ‘व्या’. नावे बाजूलाही हीच. ठोक व्यापाऱ्याला दिलेले ‘दु’, पोरीच्या फीचे ‘घ’. जमलं तर दुकानात व्यापारी क्यूआर लावा. त्याचे पैसे बहुधा क्यूआर देणाऱ्या कंपनीच्या नावानं एकगठ्ठा येतात, म्हणजे विक्री आपोआप वेगळी दिसते. साळ्यानं पाठवलेले पैसे त्या क्यूआरवर मात्र घेऊ नका.

वेळ संपत आली म्हणतात, अध्यक्षसाहेब घड्याळ दाखवतायत. मुख्य गोष्ट अजून राहिली, ती भरभर सांगतो.

उरल्या दोन रकमा. यूपीआयची विक्री ७,८०,०००, आणि भाऊंनी गल्ल्यातून बँकेत भरलेली रोकड ४,१०,०००. गल्ल्याच्या वहीत वर्षाची रोख विक्री ६,५०,००० होती. भरलेली रोकड त्यातलीच, बाकीची रोखीनं माल घेण्यात आणि घरात गेली. म्हणून विक्री धरायची ती वहीतली ६,५०,००० आणि यूपीआयची ७,८०,०००, मिळून १४,३०,०००. बँकेत भरलेले ४,१०,००० पुन्हा मिळवले, तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. वही नसती, तर हे सांगायला काहीच हातात नव्हतं.

आता अनुमानित उत्पन्नाची योजना, ४४एडी म्हणतात ती. डिजिटल विक्रीवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. म्हणजे ४६,८०० आणि ५२,०००, एकूण ९८,८००. हे कमीत कमी. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा. आणि रोकड बँकेत भरली म्हणून ती डिजिटल होत नाही, ती ८ टक्क्यांतच राहते.

शेतीवाल्यांनो, हे नीट ऐका. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते खर्च वजा जाता ५,००० च्या वर गेलं, तर सुगम म्हणजे आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. भाऊंचं तेच झालं. कापूस विकल्याची पावती आणि सातबारा त्याच पासबुकात ठेवा.

बचत खात्यांत वर्षभरात मिळून १० लाख किंवा त्याहून जास्त रोकड भरली, तर बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते. तिथं फक्त एकूण आकडा पोचतो, तुमची ‘दु’ आणि ‘घ’ पोचत नाहीत. विचारणा झाली की वही आणि पेन्सिल लावलेलं पासबुक पुढं ठेवायचं. आणि ३१ मार्चच्या रात्री गल्ल्यात किती रोकड उरली, ती वहीत लिहून मगच कुलूप लावा. १ एप्रिलची पहिली ओळ तीच.