सहाची किंमत: साठ की शंभर?

(पडद्यावर: दोन कंपन्यांची नफा-तोटा पत्रकं शेजारी शेजारी)

एकच धंदा करणाऱ्या दोन कंपन्या आहेत. व्याज आणि कर वजा होण्याआधीचा नफा दोघींचाही वर्षाला १००. चलन कुठलंही धरा. कंपनी कराचा दर २५ टक्के. डावीकडच्या कंपनीवर एक पैसाही कर्ज नाही. उजवीकडचीवर ४०० चं कर्ज आहे, ६ टक्के व्याजानं.

आधी डावीकडे बघू. १०० वर २५ कर गेला, ७५ भागधारकांच्या हाती आले. या धंद्यातली जोखीम पत्करायला गुंतवणूकदार १० टक्के परतावा मागतात आणि नफा असाच वर्षानुवर्षं चालेल, असं धरू. म्हणजे कंपनीचं मूल्य ७५ भागिले ०.१०, अर्थात ७५०.

आता उजवीकडे. व्याजाचे २४ आधी वजा होतात, कर लागतो फक्त उरलेल्या ७६ वर. कर १९, भागधारकांना ५७. पण सावकाराला मिळालेले २४ ही याच धंद्यातून आलेत, ते विसरायचे नाहीत. दोघांचे मिळून ८१. डावीकडे ७५, इथे ८१. हे जादाचे ६ धंद्यातून आले नाहीत. सरकारकडे जायचे होते, ते गेले नाहीत. यालाच टॅक्स शील्ड म्हणतात.

इथवर शाळकरी गणित आहे. खरा प्रश्न पुढे येतो: दरवर्षीच्या या ६ ची आजची किंमत किती?

(पडद्यावर: १९५८)

फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या अर्थतज्ज्ञांनी १९५८ च्या गाजलेल्या निबंधात करानंतरची सगळी रक्कम एकाच दरानं मोजली. त्या हिशेबानं ८१ भागिले ०.१०, म्हणजे ८१०. कर्जामुळे मूल्य ६० नं वाढलं.

पाच वर्षांनी, १९६३ मध्ये, दोघांनी आपलीच चूक छापून दुरुस्त केली. अर्थशास्त्रात असं रोज घडत नाही! चूक कुठे होती, ते आकड्यांतच दिसतं.

समजा वर्ष वाईट गेलं आणि नफा ६० वर आला. डावीकडे ४५ उरतात, उजवीकडे सावकाराचे २४ आणि भागधारकांचे २७ मिळून ५१. फरक ६. वर्ष जोरात गेलं, नफा १४० झाला. डावीकडे १०५, उजवीकडे १११. फरक पुन्हा ६. नफा वरखाली होतो, हे ६ जागचे हलत नाहीत. मग त्यांना धंद्याच्या जोखमीचा १० टक्के दर का लावायचा? ते कर्जावरच्या व्याजाइतकेच पक्के आहेत, तेव्हा दरही कर्जाचाच, ६ टक्के. सहा भागिले ०.०६ म्हणजे १००.

(पडद्यावर: V_L = V_U + T × D)

सूत्र असं होतं: कर्ज नसतानाचं मूल्य, अधिक कराचा दर गुणिले कर्ज. ७५० अधिक ४०० चे २५ टक्के, म्हणजे ८५०. व्याजदर सूत्रातून गायबच झाला, कारण वर गुणला आणि खाली भागला तो एकच आकडा.

ही वाढ पदरात कुणाच्या पडते? डावीकडच्या कंपनीचे १०० शेअर आहेत, भाव ७.५० आहे असं समजा. ४०० चं कायमचं कर्ज काढून शेअर परत विकत घेऊ, अशी तिनं घोषणा केली. बाजार हिशेबात पक्का असेल तर भाव त्याच क्षणी ८.५० होईल. शेअर विकणारा आणि ठेवणारा, दोघांनाही शेअरमागे १ मिळतो. कर्ज देणाऱ्याला ठरलेल्या व्याजापलीकडे काहीच नाही. उरलेल्या शेअरचं मूल्य ४५०, त्यावर कमाई ५७, म्हणजे परतावा १२.६७ टक्के. हा वाढीव परतावा फुकटचा समजू नका, कर्जापायी भागधारकांची जोखीम तेवढी वाढलेली असते.

आता नफा २० वर आणून बघा. डावीकडे करानंतर १५. उजवीकडे २४ व्याजापुढे करपात्र नफाच उरत नाही, कर शून्य, हाती सगळे २०. फरक ५. सहा पक्के म्हटलं होतं, पण वाचवायला कर असेल तरच ते वाचतात. तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत असला, तरी उशिरानं मिळणाऱ्या बचतीचं मोल कमीच.

आणि १०० हा आकडा आणखी एका गृहीतावर उभा आहे: कर्ज कायम ४०० च राहणार. पुष्कळ कंपन्या तसं करत नाहीत. मूल्याच्या ठरावीक प्रमाणात कर्ज ठेवतात, धंदा वाढला की वाढवतात, घसरला की फेडतात. मग व्याजामुळे होणारी पुढची करबचतही धंद्याबरोबर हलू लागते, आणि हलणाऱ्या रकमेला दर लागतो धंद्याचाच, जवळपास १० टक्के. सहा भागिले ०.१०.

(पडद्यावर: ८५० खोडलं जातं, त्या जागी ‘सुमारे ८१०’)

म्हणजे १९६३ मध्ये चूक म्हणून खोडलेला आकडा, अशा कंपनीपुरता मात्र बराचसा बरोबर.