सोळा चौकोन, पण कुठले?

(पडद्यावर: मोबाईलवरचा फोटो, जवळून)

हा फोटो बघा. मिलीलिटरला किती पेशी आहेत ते मोजायला मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाईल टेकवून काढलाय, म्हणून कडा काळ्या आल्यात. चार बाय चार असे सोळा चौकोन, आत चमकणाऱ्या गोल पेशी आणि मधूनच एखादी निळी. चमकणाऱ्या जिवंत, निळ्या मेलेल्या, कारण ट्रिपॅन ब्लू हा रंग मेलेल्या पेशीतच शिरतो.

आता लगेच मोजायला बसू नका. हे सोळा चौकोन कुठले ते आधी ठरवा, कारण न्यूबॉवर चेंबरच्या, म्हणजे पेशी मोजायच्या रेघा आखलेल्या काचेच्या, कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनातही सोळा घरं असतात आणि मधल्या भागातल्या पंचवीस छोट्या चौकोनांपैकी प्रत्येकातही सोळाच! फोटो क्रॉप केला की दोन्ही सेम टू सेम दिसतात. मी एकदा इथेच फसलोय, उत्तर तब्बल पंचवीस पटीने चुकलं.

(पडद्यावर: एक घर, झूम)

ओळखायचं पेशीवरून. कोपऱ्यातलं एक घर 0.25 मिलिमीटरचं, मधलं फक्त 0.05 चं. आपली पेशी साधारण 15 मायक्रॉनची, म्हणजे मधल्या घरात तीन पेशी शेजारी शेजारी ठेवल्या की घर जवळजवळ भरलं. इथे एका रांगेत सोळा-सतरा मावतील, म्हणजे हा कोपराच.

कोपऱ्याचा पूर्ण चौकोन 1 बाय 1 मिलिमीटर, काचेखालची खोली 0.1, म्हणजे आत मावतं 0.1 मायक्रोलिटर, एका मिलीलिटरचा दहा हजारावा भाग. म्हणून एका कोपऱ्यातल्या पेशींच्या सरासरीला दहा हजाराने गुणायचं, बाकी त्यात जादू काही नाही.

रेषेवर बसलेल्या पेशींचं काय? वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या घ्यायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, नाहीतर तीच पेशी शेजारच्या चौकोनातही मोजली जाते.

चार कोपऱ्यांचे चार फोटो, जिवंत पेशी 52, 47, 58, 49. बेरीज 206, सरासरी 51.5. पेशींच्या द्रावणाइतकाच ट्रिपॅन ब्लू मिसळलाय, म्हणून दुप्पट:

```
51.5 × 2 × 10000 = 1030000
```

म्हणजे मिलीलिटरला 10 लाख 30 हजार. निळ्या निघाल्या 14, म्हणजे 220 पैकी 206 जिवंत, जवळपास 94 टक्के.

(पडद्यावर: काचेभोवतीची खाच, ओली)

आणि हे बघा, खाचेत पाणी उतरलंय. जास्त भरलं की कव्हरस्लिप उचलली जाते, खोली 0.1 राहत नाही, आकडा फुगतो. असं दिसलं की मोजत बसू नका, पुसून परत भरा.

चेंबरची दुसरी बाजू पण मोजायची. 206 चं वर्गमूळ साधारण 14, त्यामुळे तिकडे 190 किंवा 220 आले तर चालतंय, नशिबाचा भाग तेवढा असतोच. पण 290 आले तर ट्यूब नीट हलवलीच नव्हती असं समजा, हलवा आणि पहिल्यापासून मोजा.