चेहरा चौकटीत बसवताना

मंडळी, आज समोर फोटोग्राफर आणि चित्रकार मिळून बसलेत म्हणून थेट कामाचंच बोलतो. तुम्ही एखाद्या नवरीचा फोटो चित्र तयार करणाऱ्या मॉडेलला देता आणि सांगता, हिचा चेहरा घेऊन पैठणीतलं पोर्ट्रेट कर. चित्र सुंदर येतं, पण त्यातली मुलगी तिची मावसबहीण वाटते. मग आपण प्रॉम्प्ट बदलत बसतो, मॉडेलला नावं ठेवतो. माझा अनुभव असा, की अशा वेळी आधी संदर्भ फोटो मॉडेलच्या आत कसा पोहोचला ते पाहावं. बहुतेकदा घोटाळा तिथेच असतो.

आयपी-ॲडॉप्टरसारख्या, फोटोचा संदर्भ चित्र काढणाऱ्या मॉडेलपर्यंत पोहोचवणाऱ्या पद्धतीत तुमचा संदर्भ फोटो आधी क्लिप नावाच्या, चित्र समजून घेणाऱ्या मॉडेलकडे जातो. क्लिपची नेहमीची खिडकी २२४ बाय २२४ पिक्सेलची. नेहमीच्या पूर्वप्रक्रियेत फोटोची लहान बाजू २२४ पर्यंत आणतात आणि मधला चौरस कापून घेतात. चेहरा कुठे आहे हे कुणी विचारत नाही. नवरी उभी, पायघोळ शालू दिसावा म्हणून फोटो उभा घेतलेला, चेहरा वरच्या टोकाला. मधला चौरस कापला की कपाळ गेलं, कधी डोळेही गेले. मॉडेलला दिसला तो शालू आणि हार.

आता एक फोटो धरून हिशेब करू. फोन सरळ धरून काढलेला, ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० उंच. नवरीने मान थोडी कलती केली आहे. फोटोतला डावा डोळा (११८०, १४२०) वर आणि उजवा (१४८०, १३४०) वर. दोन डोळ्यांतलं अंतर भरतं ३१० पिक्सेल, आणि कल साधारण १५ अंशांचा. हा फोटो तसाच क्लिपला दिला तर ३००० चे २२४ होतात, म्हणजे ते ३१० पिक्सेल उरतात फक्त २३. तेवीस पिक्सेलांत दोन डोळे आणि मधलं नाक. त्यातून साम्य कुठून येणार?

म्हणून आधी लँडमार्क, म्हणजे डोळे, नाक, तोंड यांच्या ठरावीक जागांचे बिंदू शोधायचे. डीलिब या सॉफ्टवेअर संचातलं जुनं मॉडेल चेहऱ्यावर ६८ बिंदू देतं. चेहरा शोधणारे हल्लीचे बरेच डिटेक्टर पाचच देतात: दोन डोळे, नाकाचं टोक, ओठांचे दोन कोपरे. चेहरा सरळ करून मधोमध बसवायला पाच पुरतात. चौकट कशी ठरवायची याची सर्वांत चांगली कृती मला स्टाइलजॅन या चेहरे तयार करणाऱ्या मॉडेलच्या मंडळींनी, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एफएफएचक्यू हा सत्तर हजार चेहऱ्यांचा संच तयार करताना वापरलेली वाटते. तिचा गाभा चार ओळींचा आहे:

```python
x = eye_to_eye - np.flipud(eye_to_mouth) * [-1, 1]
x /= np.hypot(*x)
x *= max(np.hypot(*eye_to_eye) * 2.0, np.hypot(*eye_to_mouth) * 1.8)
c = eye_avg + eye_to_mouth * 0.1
```

पहिली ओळ चौकटीचा कल ठरवते. एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंतची रेघ घेतली, आणि डोळ्यांच्या मध्यापासून तोंडाच्या मध्यापर्यंतची रेघ काटकोनात फिरवून तिच्यात मिळवली. नुसत्या डोळ्यांवर भरवसा का नाही ठेवला? कारण एखादा बिंदू चुकतोच, आणि चूक दोन रेघांत वाटली गेली तर चौकट कमी कलंडते.

आपल्या नवरीच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं, कारण तिने नथ घातली आहे. नथीचे मोती वरच्या ओठावर येतात, आणि ओठाचा कोपरा शोधणारं मॉडेल कधी कधी मोत्यालाच कोपरा समजतं. समजा तो एक बिंदू ४० पिक्सेल सरकला. तोंडाचा मध्य दोन कोपऱ्यांच्या सरासरीने काढतात, म्हणून तो सरकला २० च. नुसत्या तोंडाच्या रेघेवरून कल काढला असता तर साधारण सव्वातीन अंशांची चूक झाली असती. दोन्ही रेघा मिळवल्यावर ती पावणेदोन अंशांच्या आसपास राहते. तरीही मी बिंदू फोटोवर उमटवून डोळ्यांनी बघतोच. पाच ठिपके बघायला किती वेळ लागतो! मुंडावळ्या, फेट्याचा शेमला, चष्म्याची काडी, दाट मिशी, हे सगळे नेहमीचे संशयित.

तिसरी ओळ चौकटीचा आकार ठरवते, आणि त्यातल्या `max` कडे नीट बघा. डोळ्यांतल्या अंतराची दुप्पट किंवा डोळे ते तोंड या अंतराची १.८ पट, यातलं जे मोठं ते चौकटीच्या बाजूचं अर्धं माप. चेहरा समोर असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच येतात. आपल्या फोटोत डोळे ते तोंड अंतर ३४१ आहे, म्हणून एकीकडून ६२१ आणि दुसरीकडून ६१४. पण तीच नवरी बाजूला वळून नवऱ्याकडे बघू लागली की डोळ्यांतलं अंतर कॅमेऱ्याला कमी दिसतं. समजा १७० झालं. नुसत्या डोळ्यांवर चौकट बेतली तर तिची बाजू ६८० पिक्सेलच होईल, हनुवटी आणि कपाळ दोन्ही कापलं जाईल. डोळे ते तोंड हे अंतर मान बाजूला वळवल्याने फारसं बदलत नाही, म्हणून `max` चौकटीला १२३० च्या आसपास धरून ठेवतो. घरी लिहिलेल्या अनेक स्क्रिप्टांत हा `max` नसतो आणि नेमके पाऊण बाजूने घेतलेले चेहरे गळा आवळल्यासारखे येतात.

तर आपली चौकट १२४२ पिक्सेल बाजूची, १५ अंश कललेली, तिचा मध्य डोळ्यांच्या किंचित खाली. ती फिरवून सरळ केली की चेहरा सरळ, डोळ्यांतलं अंतर चौकटीच्या पाव भागाएवढं. आता २२४ ला आणलं तर डोळ्यांत ५६ पिक्सेल मिळतात. आधी २३ होते. फोटो तोच, मॉडेल तेच.

इथे दोन गोष्टींत लोक हमखास अडकतात. पहिली, फिरवताना चेहरा ताणायचा नाही. फिरवणं, सरकवणं आणि सगळीकडे सारखंच लहानमोठं करणं, एवढ्यावरच थांबायचं. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअर संचामध्ये त्यासाठी `estimateAffinePartial2D` आहे. तिच्या शेजारी `estimateAffine2D` बसलेली असते, आणि ती पाचही बिंदू नमुन्याला, म्हणजे सरळ चेहऱ्यात ते जिथे हवेत त्या ठरलेल्या जागांना, आणखी जवळ नेते म्हणून लोकांना बरी वाटते. पण ती जवळ नेते ती चेहरा तिरका दाबून किंवा एका दिशेने लांबवून. लांबोडा चेहरा गोल होतो, आणि चित्र काढणारा जनरेटर मग तो गोल चेहरा प्रामाणिकपणे काढतो. बिंदू नमुन्याशी तंतोतंत जुळले नाहीत तरी चालेल. उलट किती जुळले नाहीत तो आकडा जपून ठेवा. तो मोठा असेल तर एक तर चेहरा फार वळलेला आहे, नाही तर एखादा बिंदू मोत्यावर जाऊन बसला आहे.

दुसरी गोष्ट लहान करण्याची. `warpAffine` नेहमीच्या पद्धतीने प्रत्येक नव्या पिक्सेलसाठी मूळ फोटोतले शेजारचे चारच पिक्सेल बघते. १२४२ चे एका दमात २२४ केले तर साडेपाच पट घट होते, मधले बहुतेक पिक्सेल वाऱ्यावर जातात आणि भुवयांचे केस, पापण्या, नथीचे मोती दातेरी होतात. जनरेटर कधी कधी तो दातेरीपणा त्वचेचा पोत समजून बसतो. उपाय सोपा आहे: आधी `INTER_AREA` वापरून फोटो लहान करा, बिंदूंचे आकडेही त्याच प्रमाणात भागा, आणि मग फिरवा. एफएफएचक्यूच्या कृतीतही आधी लहान करण्याची पायरी आहे, ती लोक वेळ वाचवायला वगळतात.

चौकट फोटोच्या बाहेर गेली तर? आपल्या फोटोत नाही जात. पण नवरीचे डोळे वरच्या कडेपासून ५०० पिक्सेलांवर असते तर कललेल्या चौकटीचा एक कोपरा हवेत लटकला असता. तिथे काळा रंग भरू नका. काळा त्रिकोण हा मॉडेलच्या लेखी चित्राचाच भाग असतो. एफएफएचक्यूमध्ये कडेचा भाग आरशासारखा उलटून भरतात आणि मग धूसर करतात. मला संदर्भ फोटोसाठी साधा, पार्श्वभूमीशी मिळता रंगही चालतो. शेजारी उभ्या करवलीचा खांदा चौकटीत येत असेल तर तोही त्याच रंगाने झाका.

काही पद्धती क्लिपऐवजी किंवा क्लिपच्या जोडीला आर्कफेससारखं ओळख पटवणारं मॉडेल वापरतात. त्याची चौकट ११२ बाय ११२ ची आणि अधिक घट्ट असते; डोळ्यांतलं अंतर तिथे साधारण ३५ पिक्सेल. केस, कान जवळपास बाहेरच. ते क्रॉप पद्धत स्वतःच करते, म्हणून तुम्ही आधीच चेहरा कडेपर्यंत भरून कापून दिलात तर तिच्या डिटेक्टरला त्यात चेहराच सापडत नाही. चेहऱ्याभोवती मोकळी जागा नसलेले फोटो तो सोडून देतो. अशा वेळी भोवती रुंद पट्टी जोडा, लगेच सापडतो. आणि इथे केशरचनेची अपेक्षा ठेवू नका. आर्कफेस शिकवलेलं असतं माणूस ओळखायला. काल आंबाडा आणि आज मोकळे केस असले तरी तीच बाई, हेच त्याला हवं असतं.

आता चार-पाच संदर्भ फोटो देणार असाल तर शेवटची तपासणी. सगळे सरळ केलेले चेहरे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढा:

```python
mean = np.mean(np.stack(faces).astype(np.float32), axis=0)
```

हे काही नवं नाही. १८७० च्या दशकात फ्रान्सिस गाल्टन हा इंग्रज संशोधक एकाच काचेवर अनेकांचे चेहरे डोळे जुळवून उतरवत होता. त्यातून गुन्हेगाराचा 'नमुना' चेहरा काढायचा त्याचा उद्योग तद्दन फोल होता, पण डोळे जुळवायचं तंत्र पक्कं. तुमच्या सरासरीत डोळे रेखीव आणि केस, कपडे धूसर दिसायला हवेत. डोळ्यांच्या जागी चार डोळे दिसले तर एक फोटो चुकीचा बसला आहे. एकेक काढून सरासरी पुन्हा घ्या, ज्याला काढल्यावर डोळे निवळतात तो दोषी. ओठ एकीकडे ओढलेले दिसले तर नथीचा फोटो आधी तपासा. आणि डोळे नीट, पण नाक दुहेरी दिसलं तर बिंदू बरोबर आहेत, एका फोटोत मान जास्त वळली आहे. तो फोटो कितीही फिरवून सरळ होणार नाही, कारण वळलेली मान सपाट फोटोत फिरवून समोर येत नाही. तो बाजूला ठेवा आणि नवरीकडे समोरून काढलेला एखादा आहे का विचारा.