उतरायचं की बसून राहायचं?

(विमानतळावर अनेक वर्षं ड्युटी मॅनेजर म्हणून काम केलेल्या वक्त्याच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विमान दुसऱ्याच शहरात उतरतं, चाकं थांबतात आणि कॅप्टन सांगतो, "मुक्कामाच्या ठिकाणी हवामान खराब आहे, आपण इथे इंधन घेऊन वाट बघू." पुढच्या मिनिटाला निम्मं विमान फोनवर असतं. अंतर किती? टॅक्सी मिळेल का? गाडी कधीची आहे? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. मी इतकी वर्षं शिडीच्या खाली उभा राहून हे बघितलंय. रस्त्याने किंवा रेल्वेने पुढे जावं की नाही, हे ठरवताना अंतराच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात: विमान का वळवलं, क्रूची ड्युटी कधी संपते आणि तुमची बॅग कुठे आहे.

कारणापासून सुरुवात करू. वादळी पावसामुळे विमान वळवलं असेल तर सहसा बसून राहावं. ढगांचा एखादा पट्टा तास-दोन तासांत पुढे सरकतो, आणि इंधन भरून होईपर्यंत बऱ्याचदा वाट मोकळी होते. धावपट्टीवर कुठलं विमान अडकून पडलं असेल, तर किती वेळ लागेल ते तिथल्या लोकांनाही सांगता येत नाही. सगळ्यात फसवं असतं रात्रीचं धुकं. निरभ्र आकाश, वारा पडलेला, जमीन निवत चाललेली. असं धुकं संध्याकाळी धरलं की रात्रभर दाटच होत जातं. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत ते हलत नाही. रात्री दहाला कुणी "तासाभरात उघडेल" म्हणालं, तर तो तुमचं समाधान करतोय असं समजा.

दुसरी गोष्ट क्रूची. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असते, आणि ते घड्याळ विमान सुटल्यापासून नाही, ते कामावर हजर झाल्यापासून चालू असतं. वळवलेल्या विमानात ते बरंच पुढे गेलेलं असतं. आधी वर घिरट्या घातलेल्या असतात. मग वेगळ्या शहरात यायचं असतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जेट विमानाने पर्यायी विमानतळावर पोचतानासुद्धा तीस मिनिटांचं इंधन राखून ठेवायचं असतं, म्हणून कॅप्टन शेवटच्या थेंबापर्यंत वाट बघत नाही, वेळेत वळतो. पण त्यानंतरचं सगळं या घड्याळातून कापलं जातं.

एक रात्र सांगतो. शहरांची नावं सोडून देतो, आकडे जवळपासचे आहेत. विमान रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी उतरायचं होतं. खाली धुकं. पंचवीस मिनिटं घिरट्या झाल्या आणि नऊ पन्नासला ते आमच्याकडे उतरलं. मूळ शहर रस्त्याने दोनशे ऐंशी किलोमीटर, चांगल्या रस्त्याने पाच तास. रेल्वे रात्री अकरा चाळीसला, पहाटे पाचच्या सुमारास पोचणारी. क्रूची ड्युटी साडेबाराला संपत होती.

आता हिशोब करा. त्या रात्री आमच्याकडे आणखी चार विमानं वळवली होती, त्यामुळे इंधनाची गाडी आली साडेदहाला. भरून व्हायला वीस मिनिटं. मग कागदपत्रं, दारं बंद, उड्डाणाची वेळ मिळणं. लवकरात लवकर सव्वाअकरा. हवेत चाळीस मिनिटं आणि जमिनीवरची दहा-पंधरा धरली, तर बारा दहा. म्हणजे सगळं अगदी सुरळीत गेलं तर हातात वीस मिनिटं, आणि समोर धुकं. खरं तर विमान त्या रात्री जाणारच नव्हतं. हे साडेदहाला मला कळलं होतं, आणि विचारलं असतं तर कुठल्याही प्रवाशाला कळलं असतं. विचारायचं एवढंच: "क्रूची ड्युटी कधी संपते, आणि तिकडचा हवामानाचा पुढचा अंदाज काय आहे?" असा नेमका प्रश्न आला की ग्राउंड स्टाफही गोलगोल उत्तर देत नाही. "कधी निघणार?" या प्रश्नाला मात्र त्याच्याकडे उत्तरच नसतं.

मग तिसरी गोष्ट, बॅग. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज असतो. "मी उतरतो, माझी बॅग नंतर पाठवा," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. ते इतकं सोपं नाही. माणूस उतरला आणि त्याची बॅग तशीच पोटात घेऊन विमान पुढे गेलं, हे सहसा चालत नाही. ती शोधून बाहेर काढावी लागते. या नियमामागे जुनी जखम आहे. 1985 साली एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर स्फोटाने कोसळलं आणि 329 माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती चेक-इन झाली होती, पण तिचा मालक विमानात चढलाच नव्हता.

आता ती बॅग काढायची म्हणजे काय करायचं? मोठ्या विमानांत बॅगा कंटेनरमध्ये असतात, कुठल्या कंटेनरमध्ये कुठली बॅग याची नोंद असते. लहान विमानांत बहुतेक वेळा त्या एकावर एक रचलेल्या असतात. लोडर पोटात वाकून शिरतो, टॅगचा नंबर कागदावर, टॉर्च तोंडात. एकेक बॅग उचलायची, टॅग बघायचा, बाजूला ठेवायची. दीडशे बॅगांतली तुमची शेवटून दुसरी निघते. त्या रात्री एका सद्गृहस्थांनी फारच आग्रह धरला आणि मी हो म्हटलं. त्यांची निळी बॅग सापडायला पन्नास मिनिटं गेली. ती वीस मिनिटांची शिल्लक तिथेच संपली. विमान तसंही जाणार नव्हतं, हे माझं समाधान. पण धुकं उघडलं असतं तर एका बॅगेसाठी एकशे सत्तर माणसं अडकली असती. म्हणून कॅप्टन किंवा स्टेशन मॅनेजर "चेक-इन बॅग असेल तर उतरता येणार नाही" म्हणतो, तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो. हातात फक्त केबिन बॅग असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या सीटच्या आसपास काही राहिलं नाही ना ते तपासतात, डोकी पुन्हा मोजतात आणि सोडतात. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर मात्र आधी इमिग्रेशन आणि कस्टम्स. त्या विमानतळावर त्या वेळी ती माणसं नसतील तर दार उघडत नाही. दुसऱ्याच देशात उतरला असाल, तर व्हिसाशिवाय रस्ता आणि रेल्वे दोन्ही विसरा.

विमान अधिकृतपणे रद्द झालं की हा गुंता आपोआप सुटतो. सगळ्या बॅगा पट्ट्यावर येतात. म्हणून चेक-इन बॅग असलेल्याने रद्द व्हायची वाट बघायची, पण रेल्वेची वेळ आणि टॅक्सीची सोय आधीच बघून ठेवायची. रद्द झाल्याची घोषणा झाल्यावर दीडशे माणसं एकाच वेळी तेच शोधायला लागतात.

त्या रात्री घोषणा अकरा वीसला झाली. चार जणांनी मिळून टॅक्सी केली. विमानतळ ज्याने बंद पाडला, तेच धुकं महामार्गावरही होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. वैमानिकाकडे यंत्रं असतात, धावपट्टीवर दिवे असतात, तरी तो उतरला नाही. आणि हे लोक दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाच्या भरवशावर निघाले. पाच तासांचा रस्ता आठ तासांचा झाला. सकाळी आठला पोचले, जिवंत पोचले. त्यांनीच मला नंतर सांगितलं, की मधले दोन तास ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून पांढरी पट्टी बघत होता. धुक्याच्या रात्री माझं मत साधं आहे: रेल्वे, नाहीतर हॉटेल. रेल्वेलाही उशीर होतो, पण ती सिग्नलवर चालते, ड्रायव्हरच्या अंदाजावर नाही. वादळ निघून गेलेलं असेल, अंतर दोन-अडीच तासांचं असेल आणि ड्रायव्हर ताजा असेल, तर टॅक्सी ठीक.

जे थांबले, ते हॉटेलात रात्री दीडला पोचले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुक्कामी.

पैशांचं थोडं बोलू. स्वतःहून निघालात तर खर्च तुमचा, असं सर्रास सांगितलं जातं. ते नेहमी खरं नसतं, आणि नेहमी खोटंही नसतं; देशागणिक नियम बदलतो. युरोपात या विषयावर स्पष्ट निकाल आहे. व्हिएन्नाहून बर्लिनच्या टेगल विमानतळावर जाणारं विमान रात्रीच्या बंदीमुळे त्याच भागातल्या श्योनेफेल्डला उतरवलं, आणि पुढे नेण्याची सोय प्रवाशाला कुणी विचारली नाही. 2021 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की जवळच्या विमानतळावर उतरवलं एवढ्यावरून ठरावीक भरपाई मिळणार नाही. पण मूळ विमानतळापर्यंतचा प्रवास कंपनीने स्वतःहून देऊ करायला हवा. दिला नाही, तर प्रवाशाने केलेला खर्च आवश्यक, योग्य आणि वाजवी असेल तेवढा परत मिळेल. हे तीन शब्द कुठल्याही देशात उपयोगी पडतात. कंपनीची बस उभी असताना तुम्ही आलिशान गाडी केली, तर ती आवश्यकही नाही आणि वाजवीही नाही. म्हणून आधी काउंटरवर विचारा, "बस आहे का, किती वाजता?" आणि मिळालेल्या उत्तराचा मेसेज स्वतःलाच पाठवून ठेवा, वेळेसकट.

शेवटी एक, माझ्याच चुकीचं. त्या रात्री एक तरुण फक्त पाठीवरची सॅक घेऊन होता. मी साडेदहाला त्याला सोडलं. त्याने अकरा चाळीसची गाडी पकडली आणि सहाला घरी होता. सगळ्यांत आधी तोच पोचला. तीन दिवसांनी परतीच्या विमानासाठी तो विमानतळावर गेला, तर त्याचं तिकीट रद्द. मी त्याला माणूस म्हणून सोडलं होतं, पण सिस्टीममध्ये नोंद केली नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या विमानात तो चढला नाही, म्हणून कंप्युटरने त्याला ‘नो-शो’ ठरवलं, आणि नो-शो झाला की त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे प्रवास आपोआप उडतात. परतीचा असो की पुढच्या शहराचा. त्याच्याकडे फाटलेला बोर्डिंग पास आणि रेल्वेचं तिकीट होतं, तारीख आणि वेळ छापलेलं. तिथल्या बाईंनी मला फोन लावला, मी कबूल केलं, आणि अर्ध्या तासात तिकीट पुन्हा जिवंत झालं. तेव्हापासून उतरणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवायचो आणि त्याच्यासमोरच टाइप करायचो: विमान वळवल्यामुळे प्रवासी इथे उतरला, पुढचे प्रवास कायम ठेवावेत. तुम्ही उतराल तेव्हा ही ओळ टाइप होताना बघा, आणि टाइप करणाऱ्याचं नाव विचारून घ्या.